कोको आधी गरम पाण्यात फुलवा, मग केकमध्ये घाला

दोन छोट्या वाट्या घ्या. दोन्हींत एक-एक चमचा बिनसाखरेचा कोको टाका. पहिल्या वाटीत माठातलं गार पाणी चार चमचे घाला, दुसरीत नुकतंच उकळलेलं पाणी तितकंच. दोन्ही सारख्या ढवळा. पहिल्या वाटीत कोको पाण्यावर तरंगत राहतो. चमच्याने दाबून बुडवला तर गुठळी होते, आणि ती फोडली की आतून कोरडी, फिकट भुकटी निघते. दुसऱ्या वाटीत मात्र सात-आठ वेळा चमचा फिरवल्यावर गडद, चकचकीत, एकजीव द्रव तयार होतो. पहिल्या वाटीला पुठ्ठ्यासारखा कोरडा वास येतो आणि दुसरीचा चॉकलेटचा वास नाक जवळ न नेताही कळतो. कोको तोच, चमचाही तोच, फरक फक्त पाण्याच्या तापमानाचा.

चॉकलेट केकमध्ये कोको थेट मैद्याबरोबर चाळून टाकला, की पिठात बऱ्याच अंशी पहिल्या वाटीतलंच घडतं. केक काळसर दिसतो, पण खाताना गोड मैद्याची चव पुढे येते, आणि दुसऱ्या दिवशी तुकडा हातात भुगा होऊन सुटतो. त्यावरचा उपाय म्हणजे कोको आधी गरम पाण्यात फुलवून घेणं. बेकिंगवाले याला ‘ब्लूम करणं’ म्हणतात. जुन्या चॉकलेटच्या वडीवर जो पांढरा थर येतो, त्यालाही ब्लूमच म्हणतात, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

आपल्या स्वयंपाकघराला ही युक्ती नवी नाही. श्रीखंडात केशर कोरडं टाकत नाही, आधी कोमट दुधात भिजवतो, मगच त्याचा रंग आणि वास सगळ्या चक्क्यात पसरतो. कोकोचं तसंच आहे, फक्त त्याला कोमट पुरत नाही, चांगलं गरम लागतं.

गरम पाण्याने नेमकं काय होतं

कोको पावडर म्हणजे कोकोच्या भाजलेल्या बियांचा लगदा दाबून, त्यातली बरीचशी चरबी काढून, उरलेली पेंड बारीक दळलेली. बरीचशी काढली, सगळी नाही. साध्या कोकोत १० ते १२ टक्के चरबी उरते, भारी कोकोत २० ते २२ टक्के. ही चरबी म्हणजे कोको बटर. ते साधारण ३४ ते ३६ अंशांना वितळतं, म्हणून घरातल्या तापमानाला घट्ट असतं. कोकोच्या बारीक कणांवर ही चरबी असल्यामुळे गार पाणी त्यांना नीट भिजवत नाही. पाणी गुठळीच्या बाहेरच्या थराला चिकटतं, तिथे चिखलासारखा लेप होतो आणि आतली भुकटी कोरडी अडकून पडते.

गरम पाण्याने ही चरबी वितळते, कण एकमेकांपासून सुटतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचतं. मग कोकोतला तंतुमय भाग आणि थोडा स्टार्च पाणी शोषून फुगतो. मिश्रण गार झाल्यावर थोडं दाट होतं ते यामुळेच. चरबीत आणि कणांत अडकलेले वासाचे घटकही मोकळे होऊन पाण्यात पसरतात. दुसऱ्या वाटीचा वास एकदम आला तो यामुळे.

इथे एक शंका येणं साहजिक आहे. केक ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास भाजतोच, मिश्रण आतून शंभर अंशांच्या जवळ जातं, मग कोको तिथे फुलणार नाही का? थोडा फुलतो, पण तोवर उशीर झालेला असतो. कोरडा कोको मैद्यात मिसळून त्यावर द्रव ओतला, की पाण्यासाठी मैदा, साखर आणि कोको यांची ओढाताण सुरू होते. मैदा आणि साखर पाणी पटकन घेतात. चरबीमुळे आणि गुठळ्यांमुळे कोको मागे राहतो आणि नंतर, केक भाजत असताना, आजूबाजूच्या पिठातला ओलावा ओढतो. त्यातच मैद्याचा स्टार्च घट्ट होऊन केकचा सांगाडा बसतो, आणि जी गुठळी अर्धी कोरडी असेल ती तशीच कैद होते. कोको आधीच पाणी पिऊन आला असेल तर ही ओढाताण होत नाही. म्हणून या पद्धतीत उष्णतेइतकंच महत्त्व क्रमाला आहे: आधी कोकोला त्याचं पाणी, मग मैद्याला त्याचं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. फुलवलेल्या कोकोचे केक ओलसर असतात त्याचं सगळं श्रेय फुलवण्याला देता येत नाही. अशा पाककृतींत एकूण पाणी जास्त असतं आणि लोण्याऐवजी बहुतेक वेळा तेल असतं. तेल गार झाल्यावरही पातळ राहतं, म्हणून फ्रिजमधला केकही मऊ लागतो. फुलवल्यामुळे होतं ते असं, की हे जास्तीचं पाणी केकमध्ये सगळीकडे सारखं बसतं, आणि कोको वाढवला तरी केक कोरडा पडत नाही.

कोको निवडताना

ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा यासाठी चालत नाही. त्यात निम्म्याहून जास्त साखर असू शकते, आणि त्याने ना रंग येतो ना चव. डब्यावर घटक म्हणून फक्त कोको लिहिलेला हवा.

त्यातही दोन जाती आहेत. एक साधा, म्हणजे नॅचरल कोको. तो फिकट, लालसर तपकिरी असतो आणि चवीला किंचित आंबट. दुसरा अल्कलीची प्रक्रिया केलेला, ज्याला डच कोको म्हणतात. हॉलंडच्या व्हॅन हाउटन कुटुंबाने १८२८ साली बियांतली चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करण्याची रीतही तिथेच रुळली, त्यावरून हे नाव. डच कोको गडद, चवीला सौम्य, आणि पाण्यात साध्यापेक्षा लवकर मिसळतो. पाकिटावर आम्लता नियंत्रक म्हणून ५०० किंवा ५०१ हा आकडा असेल तर तो अल्कली लावलेला, म्हणजे डच.

इंदुरात सियागंजातून किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानातून सुटा कोको आणला तर पिशवीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. त्याची परीक्षा घरी करता येते. अर्धा चमचा कोको गरम पाण्यात फुलवा, कोमट होऊ द्या आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. स्पष्ट फेस आला तर कोको साधा, आंबट जातीचा. जवळजवळ काहीच झालं नाही तर डच. ही परीक्षा कोमट मिश्रणातच करायची, कारण कडक गरम पाण्यात सोडा एकटाही फसफसतो आणि निष्कर्ष चुकतो. हा फरक कळणं जरुरीचं आहे, कारण खाली सोड्याचं प्रमाण त्यावरच ठरतं. फुलवायचे दोन्ही असेच.

एका सात इंची केकचं प्रमाण

इंदूरच्या अनेक घरांत केक बिनअंड्याचाच लागतो, म्हणून उदाहरण दह्याच्या केकचं घेतलं आहे. फुलवलेल्या कोकोचा उपयोग अशा केकमध्ये जास्त जाणवतो, कारण अंड्यातून मिळणारा ओलावा इथे नसतो. वजनकाटा असेल तर वजनानेच मोजा. कोको डब्यात दाबून बसलेला असतो आणि चाळल्यावर फुगतो, त्यामुळे चमच्याने मोजताना बरीच चूक होते.

कोको ४० ग्रॅम (चाळून, सपाट केलेले साधारण साडेसात टेबलस्पून), पाणी १५० मिली, इन्स्टंट कॉफी १ टीस्पून, मैदा १५० ग्रॅम, बारीक साखर १६० ग्रॅम, ताजं दही १२० ग्रॅम, बिनवासाचं तेल ८० मिली, मीठ पाव टीस्पून, व्हॅनिला १ टीस्पून. कोको साधा असेल तर खाण्याचा सोडा अर्धा टीस्पून आणि बेकिंग पावडर अर्धा टीस्पून. डच असेल तर सोडा पाव टीस्पून आणि बेकिंग पावडर १ टीस्पून.

कॉफीने केकला कॉफीची चव येत नाही. एवढ्या प्रमाणात ती फक्त कोकोचा भाजका कडवटपणा वर आणते. घरात लहान मुलं असतील किंवा कॉफी चालत नसेल तर बेधडक वगळा.

फुलवायची रीत

१. कोको चाळणीतून चाळा. पावसाळ्यात तो डब्यातच ओल धरून खडे करतो, आणि ते खडे गरम पाण्यानेही सहज फुटत नाहीत. चाळणीवर उरलेले खडे चमच्याच्या पाठीने दाबून खाली पाडा.

२. चाळलेल्या कोकोत मोजलेल्या साखरेतली दोन टेबलस्पून साखर, कॉफी आणि मीठ कोरडंच मिसळा. साखरेचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरून त्यांना वेगळं ठेवतात, त्यामुळे गुठळ्या कमी होतात.

३. पाणी १५० मिलीपेक्षा थोडं जास्त उकळायला ठेवा, कारण उकळताना काही वाफ होऊन जातं. उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग १५० मिली मोजून घ्या. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. फुलवायला ८५ ते ९५ अंश पुरतात, तेव्हा थर्मामीटर शोधत बसू नका. डिसेंबर-जानेवारीत स्टीलचं भांडं इतकं गार असतं की पाणी ओतताच उष्णता खेचून घेतं. भांडं आधी गरम पाण्याने विसळून पुसून घ्या.

४. सगळं पाणी एकदम ओतू नका. आधी तीन-चार टेबलस्पूनच घाला आणि छोट्या हातफेटणीने किंवा चमच्याच्या पाठीने घोटून गुळगुळीत दाट लगदा करा. पिठल्यासाठी बेसन आधी थोड्या पाण्यात कालवतो तसंच. दाट लगद्यात गुठळी चमच्याखाली सापडते आणि मोडते, पातळ पाण्यात ती निसटत राहते. सगळी कृती बिघडते ती बहुतेक या एका घाईमुळे, म्हणून इथे एखादा मिनिट जास्त गेला तरी जाऊ द्या.

५. लगदा पूर्ण गुळगुळीत झाला की उरलेलं पाणी धारेने घालत ढवळा. आता मिश्रण पातळ कढीइतकं सैल दिसेल. वर चकाकी हवी, आणि चमचा उचलल्यावर त्याच्या पाठीवर सलग तपकिरी थर हवा, ठिपके नकोत.

६. झाकण ठेवून दहा मिनिटं राहू द्या. झाकलं नाही तर वर साय धरते, पाणी वाफ होऊन जातं, आणि जो वास मोकळा केला तोच खोलीत उडून जातो.

७. झाकण काढून ढवळा. मिश्रण मघापेक्षा थोडं दाट झालेलं दिसेल. ते कोमट होऊ द्या. कडेला बोट बुडवून सात-आठ सेकंद सहज ठेवता आलं की तयार, हे साधारण ४० ते ४५ अंश होतात. घाई असेल तर भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवून ते लवकर निवणार नाही, तेव्हा परातच बरी.

यात दोन मोह टाळायला हवेत. पहिला, हे सगळं गॅसवर शिजवण्याचा. दाट मिश्रण तळाला लगेच लागतं, आणि लागलेल्या कोकोचा कडवटपणा कुठल्याही साखरेने झाकत नाही. शिवाय आटलेलं पाणी मोजता येत नाही आणि केकचं गणित चुकतं. दुसरा मोह, सोडा या गरम मिश्रणातच टाकण्याचा. रंग झटकन काळा-लाल होतो आणि छान फेस येतो, पण तो फेस म्हणजे केक फुगवणारा वायू, तो भांड्यातच निघून जातो. मागे राहिलेला सोडा जास्त तीव्र अल्कली बनतो आणि केकला साबणासारखी चव देतो. सोडा मैद्यातच मिसळायचा.

पुढचा केक

कोको निवत असताना बाकीची तयारी करून ठेवा. ओव्हन १७० अंशांवर तापत ठेवा, भांड्याला तेल लावून तळाला बटर पेपर घाला. मैदा, सोडा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून घ्या. मोठ्या भांड्यात दही, उरलेली साखर आणि तेल तीन-चार मिनिटं फेटा, तेल वेगळं दिसेनासं होईपर्यंत. दही फ्रिजमधलं असेल तर तासभर आधी बाहेर काढा. गारठलेल्या दह्यात कोमट कोको पडला की त्यातलं कोको बटर लगेच गोठतं आणि मिश्रणात बारीक रवाळ ठिपके दिसतात.

दह्याच्या मिश्रणात कोमट कोको तीन वेळा थोडा-थोडा करून घाला, व्हॅनिला घाला. आता चाळलेला मैदा दोन भागांत घालून फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत मिसळा. हे मिश्रण नेहमीच्या केकच्या पिठापेक्षा सैल असतं, भांड्यात ओतताना पट्टीसारखं सलग पडतं. ते पाहून घाबरून दोन चमचे मैदा वाढवू नका. हाच ओलावा आपण एवढा खटाटोप करून बांधून घेतला आहे.

मिश्रण कोमट असल्यामुळे सोडा आणि दही यांचं काम लगेच सुरू होतं. मैदा घातल्यापासून पाच-सात मिनिटांत भांडं ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. फोन आला म्हणून अर्धा तास ओट्यावर राहिलं तर केक मध्ये बसतो.

३५ ते ४० मिनिटं लागतात. चॉकलेट केकचा तपकिरी रंग आधीपासूनच असल्यामुळे वरून किती भाजला हे डोळ्यांना कळत नाही, आणि म्हणून हाच केक जास्त भाजून कोरडा करण्याची चूक सर्वांत जास्त होते. तिसाव्या मिनिटापासून बघायला लागा. मधोमध बोटाने हलकं दाबल्यावर खड्डा भरून वर आला, केक कडेने किंचित सुटला आणि टूथपिकला दोन-चार ओलसर कण चिकटले, की काढा. टूथपिक अगदी स्वच्छ निघेपर्यंत थांबलात तर पाच मिनिटं जास्त झाली समजा. पंधरा मिनिटांनी भांड्यातून काढा, पूर्ण गार झाल्यावर डब्यात बंद करा. जमलं तर दुसऱ्या दिवशी कापा. रात्रभरात कवचाचा आणि आतला ओलावा सारखा होतो आणि कोकोची चव स्पष्ट लागते. माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र उघडा ठेवलेला तुकडा तासाभरात कडेने वाळतो, तेव्हा डबा लागलीच बंद करायला विसरू नका.

बिघडलं तर कशाने

कापल्यावर केकमध्ये काळे कोरडे ठिपके दिसले तर कोको चाळला नव्हता किंवा पाणी एकदम ओतलं. पुढच्या वेळी फुलवलेलं मिश्रणच बारीक चाळणीतून गाळून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

केकमध्ये दह्याचे पांढरे कण दिसले, किंवा मिश्रण फाटल्यासारखं होऊन पाणी सुटलं, तर कोको कडक गरम असतानाच दह्यात गेला. अंड्याच्या केकमध्ये याच चुकीने अंडं शिजून तंतू होतात. मिश्रण नुसतं थोडं रवाळ दिसत असेल तर मैदा पडल्यावर बहुधा जुळून येतं. चोथा आणि पाणी स्पष्ट वेगळे झाले असतील तर वाचवत बसण्यापेक्षा दही नव्याने घ्या.

केक खूप फुगून मध्ये बसला, रंग लालसर-काळा झाला आणि जिभेवर साबणाची चव राहिली, तर सोडा जास्त झाला. डच कोको वापरून साध्या कोकोचं सोड्याचं प्रमाण घेतलं की हमखास असं होतं. उलट केक दडस, कमी फुगलेला आणि चवीला आंबट असेल तर सोडा कमी पडला किंवा दही फार आंबट होतं.

तळाला चिकट, दाट पट्टा बसला असेल तर पाणी जास्त पडलं किंवा केक आतून कच्चा राहिला. आणि सगळं नीट करूनही चव फिकीच लागली तर कोकोच तपासा. वर्षभर उघडा राहिलेला, मसाल्याच्या कपाटात हिंगाशेजारी बसलेला कोको फुलवल्याने ताजा होत नाही. तो गरम पाण्यात कालवल्यावर वास आला नाही, तर केकमध्येही येणार नाही. या कृतीचा हा एक फायदाच म्हणा, की मैदा आणि तेल खर्च होण्याआधी कोकोची खरी स्थिती समजते.

आपल्या नेहमीच्या कृतीत बदल करताना

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुनी कृती तशीच ठेवून वरून कपभर गरम पाणी घालणं. फुलवायचं पाणी कृतीतल्या द्रवातूनच काढायचं असतं.

समजा घरची कृती अशी आहे: मैदा २०० ग्रॅम, कोको २० ग्रॅम, दूध २४० मिली. कोकोच्या सुमारे चौपट पाणी धरा, म्हणजे ८० मिली. दुधातून ८० मिली कमी करा, राहिलं १६०. २० ग्रॅम कोको ८० मिली गरम पाण्यात फुलवा, कोमट झाल्यावर १६० मिली दुधात मिसळा, बाकी कृती होती तशीच. एवढ्यानेही रंग आणि वास बदललेला जाणवेल.

याच कृतीत चॉकलेट वाढवायचं असेल तर कोको ४० ग्रॅम करा आणि मैदा १८० ग्रॅम. फुलवायला १५० मिली पाणी घ्या, दूध ९० मिली ठेवा. कोको वजनाला मैद्यापेक्षा जास्त पाणी पितो, म्हणून मिश्रण जड वाटलं तर दोन टेबलस्पून दूध वाढवा. कडवटपणा वाढतो त्यासाठी साखर एक-दोन टेबलस्पून जास्त लागेल.

सगळं दूधच गरम करून त्यात कोको फुलवला तर? चालतं, पण दुधातली प्रथिनं आणि साय कोकोची चव मऊ करतात. मुलांच्या वाढदिवसाला सौम्य, दुधाळ चॉकलेट हवं असेल तर दूधच योग्य. गडद चव हवी असेल तर पाणी किंवा कोरी कॉफी, आणि माझा कौल पाण्याला. दूध उकळू देऊ नका, कडेला बुडबुडे दिसले की पुरे.

लोणी आणि साखर फेटून करायच्या केकमध्ये जास्त सांभाळावं लागतं. फेटलेल्या लोण्यातली हवा हाच त्या केकचा आधार असतो, आणि कोमट कोकोनेही लोणी वितळून ती हवा जाते. तिथे कोको कोकोच्या दुपटी-तिपटीइतक्याच पाण्यात दाट फुलवा आणि पूर्ण गार झाल्यावरच घाला. बिस्किटं किंवा नानकटाईत पाण्याला जागाच नसते, तिथे ही पद्धत वापरू नका. ब्राउनीसाठी कोको वितळवलेल्या गरम लोण्यात कालवतात. त्याने वास खुलतो, पण कोको पाणी पीत नाही, म्हणून ब्राउनीचा दाटपणा तसाच राहतो. ओलसर केकसाठी मात्र तेला-लोण्याऐवजी पाणीच हवं.

फुलवलेला कोको आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो. झाकण घट्ट लावा. सकाळी तो खिरीसारखा आळलेला असेल. भांडं गरम पाण्यात पाच मिनिटं धरून, ढवळून पुन्हा कोमट करा, आणि मगच दह्यात घाला.